परीक्षा, सबमिशन आणि भरलेली जिम: कॉलेजमध्ये असताना व्यायामाचं वेळापत्रक कसं बसवायचं

कॉलेजच्या जिममध्ये बहुतेकांचं वेळापत्रक एकसारखं असतं. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, असं करत शनिवारी पाय. हे चालतं नोकरीच्या ठरावीक वेळा असलेल्या माणसाचं. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या, दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग करणाऱ्या मुलाचं मंगळवारचं प्रॅक्टिकल साडेपाचपर्यंत लांबतं, म्हणून पाठ बुडते. शनिवारी तो घरी जातो, म्हणून पाय बुडतात. पुढच्या सोमवारी पुन्हा छाती. दोन महिन्यांनी बघितलं तर छातीचा दिवस कधीच चुकलेला नसतो आणि पायांचा जवळजवळ कधीच झालेला नसतो. त्यात सेमिस्टरच्या शेवटी पाच-सहा आठवडे सगळंच बंद पडतं आणि जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

यात आळसाचा भाग थोडा आहे. खरी चूक वेळापत्रकाच्या बांधणीत आहे. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा, कारण पुढचा प्रत्येक टप्पा आधीच्या माहितीवर उभा आहे.

टप्पा १: आधी जिम बघा, मग व्यायाम ठरवा

पहिल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या वेळी जिममध्ये जा: सकाळी उघडल्या उघडल्या, दुपारी उघडी असेल तर तेव्हा, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास. एकूण माणसं मोजत बसू नका. फक्त दोन जागा बघा, स्क्वॉट रॅक आणि बेंच. तिथे किती जण थांबलेत आणि प्रत्येक जण किती वेळ घेतोय, एवढं लिहून ठेवा. जिममध्ये चाळीस जण असले आणि रॅक मोकळा असला, तर तुमच्यासाठी जिम मोकळीच आहे. उलट पंधराच जण असले आणि त्यातले पाच एकाच रॅकपाशी असले, तर ती वेळ कामाची नाही.

मुलींसाठी बऱ्याच कॉलेजांत एखादाच तास राखीव असतो आणि हॉस्टेलच्या गेटची वेळ वेगळी पाळावी लागते. तिथे वेळ निवडायला वाव नसतो, म्हणून टप्पा ४ मधली पर्यायांची यादी तुम्हाला सगळ्यात जास्त लागेल. ती आधी तयार करा.

मग सेमिस्टरचं कॅलेंडर घ्या आणि उलट बाजूने वाचा. शेवटचा पेपर, पहिला पेपर, पीएल, ओरल, सबमिशन आणि मधली इन-सेम या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नक्की तारखा जाहीर झाल्या नसतील, तर मागच्या वर्षीच्या तारखा अंदाजाने घ्या.

तपासा: मेसची वेळही याच पानावर हवी. रात्रीचं जेवण साडेनऊला बंद होत असेल, तर नऊला जिममधून बाहेर पडावंच लागेल. व्यायाम झाला आणि पोटात फक्त वडापाव गेला, असं आठवड्यातून तीनदा होत असेल तर वजनं वाढणार नाहीत. मेसच्या डाळीत प्रथिनं बेताचीच असतात. खोलीत केटल चालत असेल तर अंडी उकडा किंवा सोयाबीन वड्या भिजवा. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांतून साधारण २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि हॉस्टेलच्या खर्चात बसणारा याहून स्वस्त उपाय सहसा सापडत नाही.

टप्पा २: वार सोडा, रांग लावा

फक्त दोन व्यायाम ठेवा, ‘अ’ आणि ‘ब’. दोन्हींत अख्खं शरीर येतं.

अ: स्क्वॉट, बेंच प्रेस, डंबेल रो.
ब: रोमानियन डेडलिफ्ट, उभ्याने ओव्हरहेड प्रेस, पुलअप्स (जमत नसतील तर लॅट पुलडाउन).

प्रत्येकाचे तीन सेट, सेटमध्ये ६ ते १० रेप्स. वजन असं घ्या की सेट संपताना आणखी दोन रेप्स निघाल्या असत्या असं वाटेल. मोठ्या व्यायामांच्या सेटमध्ये दोन-अडीच मिनिटं विश्रांती घ्या. वॉर्मअप धरून हे ५० मिनिटांत संपतं. वेळ उरला तर बायसेप्स, पिंडऱ्या, प्लँक करा. मात्र हे उरल्या वेळातलं काम आहे, याच्यासाठी स्क्वॉट सोडायचा नाही.

आता नियम. आज वार कोणता हे बघू नका, वहीतलं शेवटचं पान बघा. तिथे ‘अ’ असेल तर आज ‘ब’. मध्ये एक दिवस गेला असो की पाच, क्रम बदलत नाही. त्यामुळे दांडी पडली तरी एकच अवयव पुन्हा पुन्हा बुडत नाही, फक्त रांग पुढे सरकते.

कोणत्याही सात दिवसांत तीन वेळा जमलं तर उत्तम, दोन वेळा जमलं तरी प्रगती होते. दोन पूर्ण व्यायामांमध्ये एक दिवस मोकळा ठेवा. नाइलाजाने लागोपाठ दोन दिवस आले, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचे दोनच सेट करा.

सावधान: बुडालेला व्यायाम भरून काढू नका. ‘काल गेलो नाही म्हणून आज अ आणि ब दोन्ही’ असं केलं की पुढचे तीन दिवस जिने उतरता येत नाहीत, आणि त्या तीन दिवसांत आणखी एक व्यायाम बुडतो.

वजन वाढवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कॉलेजच्या जिममध्ये इथेच गाडी अडते. बहुतेक ठिकाणी सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो वाढतात. डंबेल्स १० नंतर साडेबारा, म्हणजे एका उडीत पंचवीस टक्के. ‘दर आठवड्याला थोडं वजन वाढवा’ हा सल्ला अशा जिममध्ये पाळताच येत नाही. म्हणून आधी रेप्स वाढवा. ५० किलोच्या बेंचवर आज ८, ७, ६ निघाल्या, तर पुढच्या वेळी ८, ८, ७ चा प्रयत्न करा. तिन्ही सेट दहावर पोचले की मगच ५५. तिथे पुन्हा ६ पासून सुरुवात होईल. ती घसरण नव्हे, हिशेबच तसा आहे.

टप्पा ३: एकाच व्यायामाची तीन मापं

वेळ कमी आहे म्हणून न जाणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘अ’ आणि ‘ब’ दोन्हींची तीन मापं आधीच वहीत लिहून ठेवा.

पूर्ण: वर दिल्याप्रमाणे, ५० मिनिटं.

छोटा: तेच तीन व्यायाम, तीच वजनं, प्रत्येकी दोन सेट. ढकलण्याचा आणि ओढण्याचा व्यायाम आलटून पालटून करा, म्हणजे एक स्नायू काम करत असताना दुसरा विश्रांती घेतो. वॉर्मअप धरून साधारण ३० मिनिटं.

खोलीतला: १२ ते १५ मिनिटं. पाठीवर पुस्तकांची सॅक घेऊन पुशअप्स, मागचा पाय पलंगावर ठेवून एका पायाचा स्क्वॉट, आणि सॅकचं हँडल धरून वाकून रो. प्रत्येकाचे दोन सेट, दम लागेपर्यंत. जाडजूड पुस्तकं भरलेली सॅक सहज सात-आठ किलोची होते. हा रांगेत धरू नका. यानंतरही वहीत शेवटचा जिममध्ये झालेला व्यायामच मोजायचा.

माप खोलीतून निघण्याआधी ठरवा, जिममध्ये पोचल्यावर नाही. काल रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर छोटा, आणि त्यातही डेडलिफ्ट हलका घ्या. झोप नसताना कमरेची ठेवण आधी बिघडते आणि ते आपल्या लक्षात येत नाही. हातात ५० मिनिटांपेक्षा कमी वेळ असेल तर छोटा. जिम बंद असेल किंवा रात्रीचे अकरा वाजले असतील तर खोलीतला. ताप किंवा जुलाब असतील तर काहीच नाही.

तपासा: महिनाभराची वही उघडा. सगळे व्यायाम ‘छोटे’च झाले असतील तर निवडलेली वेळ चुकीची आहे. टप्पा १ पुन्हा करा आणि सकाळच्या वेळेचा विचार करा. सकाळी उठवत नाही ही तक्रार खरी असते. पण रात्री दोनला झोपून सहाला उठण्यापेक्षा दुपारच्या रिकाम्या तासात केलेला छोटा व्यायाम कधीही चांगला.

टप्पा ४: गर्दीत काय करायचं ते आधीच लिहा

संध्याकाळी सातला रॅकवर तीन जण असतात. मग मुलं काय करतात? मोकळं दिसेल ते मशीन पकडतात. आज लेग एक्स्टेन्शन, परवा लंजेस, तेरवा लेग प्रेस. घाम येतो, पण कशाचंच वजन वाढत नाही, कारण तुलना करायला मागचा आकडाच नसतो.

म्हणून प्रत्येक व्यायामाला एकच ठरलेला पर्याय ठेवा आणि त्याची वहीत वेगळी नोंद ठेवा:

१. स्क्वॉटऐवजी मागचा पाय बेंचवर ठेवून, दोन डंबेल्स घेऊन एका पायाचा स्क्वॉट.
२. बेंच प्रेसऐवजी डंबेल प्रेस. सपाट बेंचही नसेल तर सॅक घेऊन पुशअप्स.
३. रोमानियन डेडलिफ्टऐवजी तोच डंबेल्सने.
४. ओव्हरहेड प्रेसऐवजी डंबेल प्रेस, उभ्याने.
५. पुलअप्सऐवजी लॅट पुलडाउन. तिथेही रांग असेल तर डंबेल रो.

यादी बघितलीत तर एक जोडी डंबेल्स आणि भिंतीजवळची दोन फूट जागा एवढ्यात जवळजवळ सगळा व्यायाम होतो. गर्दीच्या वेळी हीच खरी सोय आहे. एका कोपऱ्यात उभं राहा आणि जागा सोडू नका. मात्र दोन-तीन जोड्या डंबेल्स स्वतःपाशी अडवून ठेवू नका.

क्रमही लवचिक ठेवा. आत शिरताच ज्याला सहसा रांग असते ते मोकळं दिसलं, तर त्याच्यापासून सुरुवात करा. ‘अ’मध्ये बेंच आधी आणि स्क्वॉट नंतर झाला तर काही बिघडत नाही. फक्त त्या दिवशी स्क्वॉटची एखादी रेप कमी निघेल, ती वहीत तशीच लिहा.

थांबायचं किती? पाच मिनिटं, आणि तीही वॉर्मअप करत. आधी जाऊन विचारा: “दादा, किती सेट राहिलेत? मध्ये मध्ये मी घेऊ का?” बहुतेक जण हो म्हणतात, कारण विश्रांतीत रॅक तसाही रिकामाच असतो. समोरच्याचं वजन तुमच्यापेक्षा खूप वेगळं असेल तर प्लेट चढवण्या-उतरवण्यातच वेळ जातो. अशा वेळी थांबू नका, पर्यायावर जा.

सावधान: रॅक मिळत नाही म्हणून बारबेल जमिनीवरून उचलून खांद्यावर घेण्याचे प्रयोग करू नका. बेंचवर एकटे असाल तर शेवटच्या दोन रेप्स शिल्लक ठेवा, किंवा शेजारच्याला सपोर्टला उभं करा. गर्दीचा हा एक फायदा आहे, तो घ्या.

टप्पा ५: परीक्षेच्या दिवसांत सेट कापा, वजन ठेवा

परीक्षा जवळ आली की मुलं दोनपैकी एक करतात. एक तर पूर्ण बंद, नाहीतर ‘हलकं हलकं’ म्हणून निम्म्या वजनाने वीस-वीस रेप्स. दोन्ही चूक. ताकद टिकवायला लागतं ते जवळपास नेहमीइतकं वजन. सेट किती, हे त्या मानाने दुय्यम. नेहमीच्या एक तृतीयांश सेटवर काही आठवडे ताकद आणि स्नायू चांगले टिकतात, फक्त वजन खाली आणायचं नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. मुलगा स्क्वॉट ७० किलोने आणि बेंच ५० किलोने करतो. आठवड्यात तीन वेळा, म्हणजे दर वेळी नऊ सेट धरून एकूण २७. सेमिस्टरच्या शेवटी दहा दिवस सबमिशन आणि ओरल, मग आठ दिवस पीएल, मग अकरा दिवसांत पाच पेपर.

सबमिशनच्या दहा दिवसांत वेळा ठरत नाहीत. जर्नल लिहिण्यात रात्री जातात, सही मिळायला दुपारभर केबिनबाहेर उभं राहावं लागतं. इथे सगळे व्यायाम ‘छोटे’ करा. दहा दिवसांत तीन झाले तरी पुरे.

पीएलमध्ये उलटा धोका असतो. जिम ओस पडते, दुपारी रॅक मोकळा मिळतो आणि अभ्यासाचा कंटाळा आलेला असतो. मग मुलं रोज दोन-दोन तास जिममध्ये काढतात. तसं करू नका. आठ दिवसांत दोन पूर्ण आणि एक छोटा, अभ्यासाच्या दोन बैठकांच्या मध्ये. शेवटचा पूर्ण व्यायाम पहिल्या पेपरच्या किमान तीन दिवस आधी संपवा. अंगदुखी साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, आणि तो दिवस पेपरचा नको. याच काळात नवा व्यायामही सुरू करू नका, कारण नव्या हालचालीने अंग जास्त दुखतं.

आता पेपर. समजा ते १, ३, ५, ८ आणि ११ व्या दिवशी आहेत. व्यायाम पेपर झाल्यावर करायचा, पेपरच्या आदल्या दिवशी नाही. १ आणि ३ तारखेनंतर मध्ये एकच दिवस मिळतो, ते सोडा. ५ तारखेचा पेपर झाला की संध्याकाळी ‘अ’ छोटा: स्क्वॉट ७० किलोने ६ रेप्सचे दोन सेट, बेंच ५० किलोने तसेच दोन, रो दोन. ८ तारखेच्या संध्याकाळी ‘ब’ छोटा. झालं. अकरा दिवसांत बारा सेट, म्हणजे आठवड्याला सात-आठ. २७ च्या साधारण एक तृतीयांशापेक्षा किंचित कमी. पण वजन तेच.

सावधान: पेपरच्या आदल्या दिवशी पुलअप्स, डेडलिफ्ट किंवा बारला लटकण्याचे व्यायाम नकोत. पकड थकली की दुसऱ्या दिवशी दीड तासानंतर पेन धरणारा हात आखडतो. अडीच-तीन तास सलग लिहायचं असतं. त्या दिवशी वीस मिनिटं चालून या, एवढंच.

तपासा: पेपरच्या काळात झोप सहा तासांखाली जात असेल, तर ५ आणि ८ तारखेचे व्यायामही काढून टाका आणि झोपा. त्या अकरा दिवसांत झोपेचा उपयोग जास्त आहे.

टप्पा ६: सुट्टीनंतर परत येताना

सगळ्यात जास्त दुखापती इथे होतात. मुलगा तीन आठवडे घरी राहून येतो, जानेवारीत जिम नव्या मुलांनी भरलेली असते, आणि त्यांच्यासमोर जुना आकडा लावायचा मोह होतो.

एक आठवड्याची सुट्टी झाली असेल तर वजन तेच ठेवा, पहिल्या दिवशी एक सेट कमी करा. दोन-तीन आठवडे झाले असतील तर वजन दहा-पंधरा टक्के खाली. आपल्या उदाहरणात स्क्वॉट ६० किलो, दोनच सेट, आणि सेटच्या शेवटी तीन-चार रेप्स शिल्लक. दुसऱ्या आठवड्यात तीन सेट. तिसऱ्या आठवड्यात बहुतेकदा जुना आकडा परत येतो, कारण एकदा कमावलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा लवकर येते. दीड-दोन महिने गेले असतील तर तीस टक्के खाली या आणि पहिला आठवडा फक्त दोन व्यायाम करा, तेही छोटे.

सावधान: मोठ्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी कोणी शंभर स्क्वॉट्स किंवा दहा-दहा सेट करायला लावले, तर सरळ नाही म्हणा. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत स्नायू प्रचंड सुजले, हात-पाय सरळ होईनात आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर ती साधी अंगदुखी नव्हे. स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरलेले असतात आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

परत येण्याच्या पहिल्याच दिवशी वहीचं नवीन पान काढा आणि वर नव्या सेमिस्टरच्या तारखा लिहा. खाली पहिली ओळ अशी: ‘अ छोटा, स्क्वॉट ६०: ८, ८, डंबेल प्रेस २०: ९, ८ (बेंचला रांग), रो २२.५: १०, १०, झोप ७ तास’. पुढच्या वेळी जिममध्ये शिरण्याआधी ही ओळ वाचा. पुढचा व्यायाम ‘ब’.